टेम्पो विकत घ्यायचा की लीजवर? हिशेब आठ वर्षांचा मांडून पाहू

भांडुपच्या एक वहिनी माझ्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट करून घ्यायला आल्या होत्या. चिवडा, चकली, शेव, लाडू असा फराळाचा माल त्या बारा महिने करतात आणि मुलुंडपासून गिरगावापर्यंतच्या दुकानांना पोचवतात. आजवर माल भाड्याच्या टेम्पोने जायचा. आता स्वतःची गाडी हवी होती, म्हणजे एखादा छोटा हत्ती, मागे बंद बॉडी आणि सीएनजी. पर्समधून त्यांनी दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एकावर बँकेचा हप्ता होता, महिना १४,४८४ रुपये, चार वर्षे. दुसऱ्यावर लीजचं भाडं होतं, महिना १६,५०० रुपये, तेही चार वर्षे.

"दादा, दोन हजारांचा तर फरक आहे. हप्ताच बरा ना?"

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. उत्तर कदाचित बरोबरही असेल, पण त्यामागचं कारण साफ चुकलेलं होतं. हप्ता आणि भाडं या एकाच जातीच्या रकमा नाहीत. हप्त्यात फक्त गाडीचे पैसे असतात, तेही पूर्ण नाहीत. स्वतःचे एक लाख आधी भरायचे होते, कर्ज साडेपाच लाखांचं होतं आणि त्यावर १२ टक्के व्याज. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पासिंग हा सगळा खर्च वेगळा. लीजच्या १६,५०० मध्ये मात्र विमा, मेंटेनन्स, टायर आणि गाडी बंद पडली तर बदली गाडी एवढं सगळं धरलेलं होतं. शिवाय हप्ता चार वर्षांनी संपतो आणि गाडी आपलीच राहते. लीज चार वर्षांनी संपते तेव्हा गाडी परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी माल पोचवायला नवी लीज लागते.

म्हणून रिपोर्टच्या आर्थिक भागात महिन्याचा आकडा महिन्याच्या आकड्यासमोर ठेवून भागत नाही. दोन्ही मार्गांनी एकच काम, एकाच काळासाठी करून घ्यायला एकूण किती पैसे लागतात, हे मांडावं लागतं. इथे काम आहे रोज साधारण ९० किलोमीटर माल फिरवायचं, वर्षाचे ३०० दिवस. काळ कोणता धरायचा, हा खरा कळीचा मुद्दा.

आम्ही आठ वर्षे धरली. आठच का? मालवाहू गाडीला नवी असताना दोन वर्षांचं फिटनेस सर्टिफिकेट मिळतं. पुढे आठव्या वर्षापर्यंत ते दर दोन वर्षांनी काढायचं असतं आणि त्यानंतर दरवर्षी. तोवर मुंबईतल्या खड्ड्यांनी आणि सिग्नलला थांबत-थांबत चाललेल्या क्लचने गाडीचा बराच जीव घेतलेला असतो. दहा वर्षे चालणाऱ्या गाड्या आहेतच, पण रोज सकाळी वेळेवर माल पोचवायची जबाबदारी असलेल्या धंद्यात त्यांच्यावर विसंबणं कठीण. आठ वर्षांत चार-चार वर्षांच्या दोन लीज बसतात, हीही सोय झाली.

आता आकडे. ते त्या दोन कागदांवरचे आणि वहिनींशी बोलून ठरवलेले आहेत. तुमच्या शोरूमचे वेगळे असतील, रीत मात्र हीच.

आधी जीएसटीचं आटपून टाकू. मालवाहू गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो, आधी तो २८ होता. वहिनींची नोंदणी नियमित जीएसटीत आहे. त्यांना माल वाहायच्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तसंच लीजच्या भाड्यावरच्या जीएसटीचंही. प्रवासी कारला असलेली अडवणूक इथे नाही. त्यामुळे खालचे सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग दोन्ही बाजूंना जीएसटी मिळवूनच हिशेब करा.

गाडीची किंमत ६ लाख, बॉडी आणि नोंदणी मिळून ५० हजार, म्हणजे खरेदी ६ लाख ५० हजारांना पडते. डिझेल, सीएनजी, ड्रायव्हरचा पगार, रात्रीच्या पार्किंगचे पैसे आम्ही मुद्दाम सोडून दिले. ते दोन्ही मार्गांत सारखेच लागणार. जे दोन्हीकडे सारखं आहे, त्याने निवड बदलत नाही आणि कागद मात्र भरतो. वहिनींचे दीर गाडी चालवणार आहेत, त्यांचा पगारही म्हणून या तुलनेत नाही. नफ्या-तोट्याच्या पत्रकात तो येईलच.

स्वतःच्या गाडीवर दरवर्षी विम्याचे ३० हजार धरले. मेंटेनन्स पहिल्या वर्षी १५ हजार, मग २० हजार, तिसऱ्या वर्षी टायर आले म्हणून ३५ हजार, चौथ्यालाही ३५ हजार. पुढे तो चढत जातो: पाचव्या वर्षी ५० हजार, मग ६०, ६५ आणि आठव्या वर्षी ७५ हजार. मी पाहिलेल्या बहुतेक रिपोर्टांत इथे एकच आकडा आठ वेळा लिहिलेला असतो, आणि खरेदीची बाजू तिथेच खोटी स्वस्त होते. जुनी गाडी पावसाळ्यात काय करते, ते जुलैत कुर्ल्याच्या पाण्यातून गाडी काढलेल्या कोणालाही विचारा.

खरेदीच्या बाजूला आणखी एक खर्च असतो आणि तो कुठल्याच कोटेशनवर नसतो. गाडी गॅरेजमध्ये असते त्या दिवशीही माल जायलाच हवा, म्हणजे बाहेरचा टेम्पो लावावा लागतो. पहिली चार वर्षे वर्षाला चार दिवस आणि नंतर दहा दिवस धरले, दिवसाला दोन हजार रुपये. लीजवाले बदली गाडी देतात, तेव्हा हा खर्च फक्त खरेदीच्या बाजूला येतो.

लीजच्या बाजूलाही असाच एक लपलेला खर्च आहे. करारात बारीक अक्षरात महिन्याला २,००० किलोमीटरची मर्यादा होती आणि त्यापुढे किलोमीटरला ४ रुपये. वहिनींची गाडी वर्षाला २७,००० किलोमीटर चालणार आणि मर्यादा २४,००० ची. म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये जादा, दरवर्षी. "हे तर त्यांनी सांगितलंच नाही," वहिनी म्हणाल्या. सांगितलं नव्हतं, पण कागदावर होतं. त्याशिवाय तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, ४९,५०० रुपयांचं डिपॉझिट. दुसऱ्या लीजचं भाडं आज कोणीच लिहून देणार नाही, म्हणून ते १० टक्के जास्त धरलं, महिना १८,१५०.

एवढं झाल्यावर नुसती बेरीज केली तर काय दिसतं? आठ वर्षांत खरेदीला, शेवटी गाडी दीड लाखाला विकली असं धरून, १२ लाख ७ हजार. लीजला १७ लाख ५९ हजार. फरक साडेपाच लाखांचा. वहिनींच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला लागला, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. या बेरजेत दोन गोष्टी राहिल्या आहेत, इन्कम टॅक्स आणि वेळ. दोन्ही लीजच्या बाजूने ओढतात.

टॅक्सचं असं आहे. लीजचं भाडं हा धंद्याचा खर्च, तो त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. वहिनींच्या नफ्याच्या वरच्या थरावर २० टक्के टॅक्स धरला तर १ लाख ९८ हजारांचं वर्षाचं भाडं खिशाला १ लाख ५८ हजार ४०० लाच पडतं. विकत घेतलेल्या गाडीची किंमत मात्र एकदम वजा होत नाही, घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू होते. दर १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी साडेसहा लाखांवर ९७,५०० घसारा, म्हणजे टॅक्समध्ये १९,५०० ची बचत. आठव्या वर्षी घसारा ३१ हजारांवर येतो आणि बचत सहा हजारांवर.

इथे एक चूक वारंवार दिसते. रिपोर्ट करणारे टेम्पो दिसला की घसारा ३० टक्के लावतात. तो दर गाडी भाड्याने चालवण्याचाच धंदा असणाऱ्यांसाठी आहे. स्वतःचा चिवडा स्वतःच्या टेम्पोतून नेणाऱ्याला १५ टक्केच. आणि गाडी दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर रस्त्यावर आणली, तर त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी होतो आणि पहिल्या वर्षी अर्धाच घसारा मिळतो. वहिनी एप्रिलमध्ये घेणार होत्या, म्हणून पूर्ण धरला. तुम्ही अंदाजित नफ्याच्या योजनेत रिटर्न भरत असाल, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर, तर घसारा काय नि भाडं काय, वेगळं काहीच वजा होत नाही. मग टॅक्सच्या बचतीचा रकाना दोन्ही बाजूंना शून्य ठेवायचा. हे न विचारता केलेले हिशेब मी स्वतःही पूर्वी दिले आहेत.

आता एकेक वर्ष कसं निघतं ते पाहू. पहिल्या वर्षी खरेदीच्या बाजूला विमा ३० हजार, मेंटेनन्स १५ हजार, बाहेरचा टेम्पो ८ हजार, एकूण ५३ हजार. त्यावर २० टक्के टॅक्स वाचला, उरले ४२,४००. त्यातून घसाऱ्यामुळे वाचलेले १९,५०० वजा केले की २२,९००. पाचव्या वर्षी तेच गणित ३० अधिक ५० अधिक २०, म्हणजे एक लाख. टॅक्स वाचून ८० हजार, घसाऱ्याचे दहा हजार वजा जाऊन सुमारे ७० हजार. सगळी वर्षे अशी काढली की हा तक्ता होतो. आकडे हजार रुपयांत आहेत.

| वर्ष | खरेदी | लीज |
|---|---|---|
| सुरुवातीला | ६५० | ४९.५ |
| १ | २३ | १६८ |
| २ | ३० | १६८ |
| ३ | ४४ | १६८ |
| ४ | ४६ | १६८ |
| ५ | ७० | १८४ |
| ६ | ७९ | १८४ |
| ७ | ८५ | १८४ |
| ८ | ९४ | १८४ |
| शेवटी परत | −१५० | −४९.५ |

वहिनींनी तक्ता पाहिला आणि अगदी बरोबर प्रश्न विचारला. "यात बँकेचा हप्ता कुठाय?"

तो मुद्दामच नाही. कर्जाची किंमत आपण दुसऱ्या दाराने आत घेणार आहोत आणि दोन्ही दारांनी घेतली तर ती दोनदा मोजली जाईल. ते दुसरं दार म्हणजे वेळ. आज द्यायचे लाख रुपये आणि आठ वर्षांनी द्यायचे लाख रुपये सारखे नसतात. आज द्यायचे तर १२ टक्क्यांनी कर्ज काढावं लागतं. व्याजही खर्च म्हणून वजा होतं, त्यामुळे ते प्रत्यक्षात ९.६ टक्क्यांना पडतं. सोयीसाठी १० धरू. म्हणजे वर्षभराने द्यायचे ११० रुपये आजच्या १०० रुपयांएवढे, दोन वर्षांनी द्यायचे १२१ रुपयेही आजच्या १०० एवढेच. याच दराने पुढचा प्रत्येक आकडा आजच्या किमतीत आणायचा. आठव्या वर्षाचा एक रुपया अशा रीतीने आजच्या सुमारे ४७ पैशांवर येतो. तेव्हा साडेसहा लाखांची जी रक्कम पहिल्याच दिवशी जाते, ती पूर्ण वजनाने मोजली जाते आणि लीजची पुढची भाडी हलकी होत जातात. अंदाजित नफ्याच्या योजनेत असाल तर व्याजाचाही टॅक्स वाचत नाही, मग दर पूर्ण १२ घ्या.

हे हाताने करायची गरज नाही. एक्सेलमध्ये सुरुवातीची रक्कम `B1` मध्ये, आठ वर्षांचे आकडे `B2` ते `B9` मध्ये ठेवा. शेवटी परत येणारी रक्कम आठव्या वर्षाच्या आकड्यातूनच वजा करून घ्या. मग हे सूत्र लिहा:

```
=B1+NPV(10%,B2:B9)
```

सुरुवातीची रक्कम कंसाच्या बाहेर हवी. `NPV` आपल्याला दिलेला पहिला आकडा वर्षाच्या शेवटी पडतो असं धरून चालतं. `B1` आत घातलात तर साडेसहा लाखांसकट सगळेच आकडे एक वर्ष उशिरा पडल्यासारखे होतात आणि खरेदी फुकटची जवळपास ऐंशी हजारांनी स्वस्त दिसते. कोणाचा तयार तक्ता हातात आला तर मी आधी हा कंस बघतो.

उत्तर असं आलं. आठ वर्षांसाठी खरेदी आजच्या किमतीत ८ लाख ६६ हजारांना पडते आणि लीज ९ लाख ५७ हजारांना. साडेपाच लाखांचा फरक ९१ हजारांवर आला. खरेदी अजूनही स्वस्त आहे, आणि बऱ्यापैकी पक्की स्वस्त आहे. आठव्या वर्षी गाडी विकली न जाता भंगारात फुकट गेली तरी आजच्या किमतीत सत्तर हजारच कमी होतात, म्हणजे खरेदी तरीही वीस हजारांनी पुढे राहते.

पण हे आठ वर्षांचं उत्तर. वहिनींच्या मालापैकी मोठा वाटा एका दुकानसाखळीकडे जातो आणि तो करार तीन वर्षांचा आहे. तो पुढे चालू राहिला नाही तर गाडी चौथ्या वर्षी विकावी लागेल. मग आम्ही तोच हिशेब चार वर्षांवर तोडून पाहिला. खरेदीच्या बाजूला पहिली चार वर्षे आणि चौथ्या वर्षाअखेर ३ लाखांना विक्री, लीजच्या बाजूला फक्त पहिली लीज. खरेदी ५ लाख ५६ हजार, लीज ५ लाख ४८ हजार. लीज पुढे गेली, पण सात-आठ हजारांनीच.

याला मी लीजचा विजय म्हणत नाही. विक्रीच्या अंदाजात अकरा हजारांनी चूक झाली आणि गाडीचे ३ लाखांऐवजी ३ लाख ११ हजार आले की बरोबरी. शिवाय आपण सगळे पैसे वर्षाच्या शेवटी जातात असं धरलं आहे, पण भाडं दर महिन्याला जातं. विमा-मेंटेनन्सही वर्षभर जातो, पण त्याची रक्कम लहान आहे. ही सवलत काढून घेतली तर चार वर्षांत लीज साधारण वीस हजारांनी महागते आणि पारडं परत खरेदीकडे झुकतं. आठ वर्षांच्या हिशेबात हाच बदल खरेदीची आघाडी वाढवतो, म्हणून तिथे चिंता नाही. चार वर्षांच्या हिशेबाचं खरं उत्तर एवढंच, की पैशाने दोन्ही सारखे आहेत आणि निवड दुसऱ्या कशावर तरी करावी लागेल.

दुसरं काही म्हणजे काय, ते रिपोर्टच्या दोन पानांवर शेजारी-शेजारी दिसतं. नफ्या-तोट्याच्या पत्रकात पहिल्या वर्षी खरेदीचा बोजा असा पडतो: घसारा ९७,५००, व्याज सुमारे ६० हजार आणि वरखर्च ५३ हजार, एकूण २ लाख १० हजार. लीजचा बोजा असा: भाडं १ लाख ९८ हजार आणि जादा किलोमीटरचे १२ हजार, एकूण तेही २ लाख १० हजार. जणू काही फरकच नाही. आता पान उलटून रोख प्रवाहाचं पत्रक पाहा. खरेदीत स्वतःचे एक लाख, गाडीवरच्या जीएसटीचे १ लाख ८ हजार जे क्रेडिट म्हणून नंतर वळते होणार, वर्षाचे हप्ते पावणेदोन लाखांच्या घरात आणि वरखर्च ५३ हजार. एकूण ४ लाख ३५ हजार खिशातून जातात. लीजमध्ये भाडं, जादा किलोमीटर आणि डिपॉझिट मिळून २ लाख ६० हजार, आणि जीएसटी महिन्याला तीनेक हजारांचा, तोही वळता होणारा.

नफा सारखाच, पण खरेदीत रोख पावणेदोन लाखांनी कमी. फराळाच्या धंद्यात हे पावणेदोन लाख कधी लागतात? ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा बेसन, तेल आणि पोहे उचलायचे असतात आणि दुकानांकडून दिवाळीचे पैसे नोव्हेंबरात येणार असतात. एका वर्षी तेलाला रोख नव्हती म्हणून वहिनींनी शेवटच्या दहा दिवसांच्या ऑर्डर सोडल्या होत्या. त्या ऑर्डरींचा नफा आपल्या १० टक्के दरात मावत नाही. म्हणून खरेदी करायची असेल तर दिवाळीच्या मालासाठी बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा आधीच मागायची, असं मी रिपोर्टमध्ये त्याच पानाखाली लिहिलं. बँकेच्या माणसाला हे आवडतं, कारण हप्ता कुठल्या महिन्यात अडकू शकतो हे त्याला आपण होऊन सांगितलेलं असतं.

दुसऱ्या लीजचं भाडं १० टक्के जास्त धरण्यावर तुमचा विश्वास नसेल तर ते टाळण्याची एक वाट आहे. प्रत्येक मार्गाची आजची किंमत त्याच्या वर्षांवर समान वाटायची, व्याज धरून. एक्सेलमध्ये ते `PMT` करतं. खरेदी करून आठ वर्षे वापरली तर वर्षाला १ लाख ६२ हजार पडतात. खरेदी करून चार वर्षांत विकली तर १ लाख ७५ हजार. लीज वर्षाला १ लाख ७३ हजार. तीन वेगवेगळ्या लांबीचे मार्ग एका मापात आले. फक्त यात आजचंच भाडं कायम राहील असं धरलं जातं, म्हणजे ही रीत लीजला थोडं झुकतं माप देते. तरीही आठ वर्षे वापरलेली गाडी वर्षाला अकरा हजारांनी स्वस्तच राहते.

इलेक्ट्रिक टेम्पोला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे पाच वर्षांनी बॅटरी किती उरेल आणि जुनी गाडी कितीला जाईल, यावर सगळा हिशेब डोलतो. ती जोखीम लीजवाला आपल्या डोक्यावर घेत असेल तर महिन्याला थोडं जास्त मोजणं परवडू शकतं. मात्र तो खरंच घेतोय का, हे करारात पाहायचं.

करारात आणखी तीन जागा मी बोट ठेवून वाचायला लावतो. मध्येच सोडायची झाली तर काय? वहिनींच्या कागदावर उरलेल्या भाड्याच्या निम्मी रक्कम द्यावी लागेल असं होतं. दोन वर्षांनी गाडी परत केली तर जवळजवळ दोन लाख. दुकानसाखळीचा करार सुटण्याच्या भीतीने लीज घ्यायची, आणि तो सुटल्यावर हे दोन लाख भरायचे, यात सोय कुठली? दुसरी जागा म्हणजे परत देताना गाडी कशी असावी. 'नेहमीची झीज' चालेल असं लिहिलेलं असतं, पण दादरच्या गर्दीत घासलेला दरवाजा नेहमीची झीज आहे की नुकसान, हे लीजवालाच ठरवतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचे आणि आतले फोटो काढून त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवावेत. तिसरी जागा म्हणजे शेवटी गाडी नाममात्र पैशांत आपल्या नावावर होणार असेल तर. अशी लीज हे वेषांतर केलेलं कर्जच असतं. हिशेबाच्या नियमांत तिला फायनान्स लीज म्हणतात आणि ताळेबंदात गाडी मालमत्ता म्हणून, तर पुढची भाडी देणं म्हणून दाखवावी लागतात. तिची तुलना मग बँकेच्या कर्जाशी, व्याजदराला व्याजदर लावून करायची.

राहता राहिला विक्रीचा अंदाज. तो मी टेबलावर बसून लिहीत नाही. वहिनींच्या दिरांना म्हटलं, "भावजी, जुने टेम्पो विकणाऱ्या तीन ठिकाणी जाऊन या. गाडी विकायची आहे असं सांगा, घ्यायची आहे असं नाही." घेणाऱ्याला सांगितलेला भाव आणि विकणाऱ्याला मिळणारा भाव यांत बरंच अंतर असतं, आणि आपल्याला दुसरा हवा होता. ते दोन दिवसांनी आले. चार वर्षांच्या गाडीला दोन लाख ऐंशी ते तीन लाख वीस, आठ वर्षांचीला सव्वा ते पावणेदोन. म्हणजे आमचे तीन आणि दीड मधोमध बसले. भावजींनी आणखी एक गोष्ट आणली होती. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न किलोमीटरचा नव्हता. बॉडी आतून गंजली आहे का, हे त्यांना आधी पाहायचं होतं, कारण मिठाचा आणि तेलाचा माल वाहणाऱ्या गाडीचा पत्रा आधी जातो.

वहिनींनी खरेदी ठरवली. रिपोर्टमध्ये आम्ही गृहीतकांच्या पानावर आठ वर्षे वापर, दीड लाख विक्री, १० टक्के दर आणि २७,००० किलोमीटर असं एकेका ओळीत लिहिलं, आणि त्याखाली चार वर्षांचं उत्तरही न लपवता दिलं. बॉडीला आतून जाड रेक्झिन लावायचे आठ हजार मी वरच्या ५० हजारांत धरले नव्हते. ते वहिनींनी स्वतःच पेनाने खाली लिहिले.